पाचशे पानांचा दर: वाईजवळच्या एका लग्नाचं कोटेशन

पुण्यात सिंहगड रस्त्याला एक घरगुती केटरिंगचा व्यवसाय आहे. काका स्वयंपाक आणि माणसं बघतात, हिशेब त्यांची सून बघते. लग्नसराईत त्यांची बहुतेक कामं शहरातल्या कार्यालयांत असतात. तिथं त्यांचा दर ठरलेला आहे: साध्या मराठी जेवणाला पानामागे ४०० रुपये. एका मुलीच्या वडिलांनी हाच दर ऐकला होता. ते आले आणि म्हणाले, “लग्न वाईच्या पुढं, धोमकडे, आमच्या शेतावर आहे. पाचशे पानं धरा. चारशेचा दर आहेच तुमचा, वर काय गाडीभाडं असेल ते सांगा.”

मसालेभात, वरणभात, पुरी, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, भजी, पापड-कुरडई, जिलेबी-मठ्ठा, पंगतीनं वाढलेलं. सकाळी दीडशे माणसांना उपमा, शिरा आणि चहा. मुहूर्त साडेबाराचा. या मेन्यूत अवघड काही नव्हतं. पण ‘चारशे अधिक गाडीभाडं’ असं कोटेशन दिलं असतं तर काम अंगावर आलं असतं. का, ते सविस्तर बघण्यासारखं आहे. (खालचे दर त्या हंगामात त्यांना पडलेले आणि सोयीसाठी पूर्णांकात धरलेले आहेत. आपल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत.)

जागा बघितल्याशिवाय आकडा नाही

कार्यालयाच्या चारशेत काय काय फुकट मिळतं, हे कार्यालयाबाहेर पडल्याशिवाय लक्षात येत नाही. ओटा, नळ, मोरी, दिवे, टेबलं-खुर्च्या, ताटं-वाट्या, खरकटं टाकायची जागा हे सगळं तिथं असतं, आणि त्याचं भाडं यजमानानं कार्यालयाला आधीच दिलेलं असतं. शेतावर यातलं काहीच नसतं.

म्हणून काका आणि सून एका सकाळी शेत बघून आले. तीन गोष्टी समजल्या. पहिली, कालव्यावरचा पूल अरुंद होता. मोठा टेम्पो अलीकडेच थांबणार आणि तिथून स्वयंपाकाच्या जागेपर्यंत सगळं सामान हातानं वाहावं लागणार. दुसरी, बोअरला पाणी होतं, पण बारीक. तीनशे-चारशे ताटं विसळायला ते पुरणार नव्हतं. तिसरी, आदल्या रात्री भाजी चिरायची म्हटलं तर उजेड नव्हता आणि वारा अडवायला काही नव्हतं. उघड्यावरच्या भट्टीची आच वारा खातो. मग तेल तापत नाही, पुऱ्या तेल पितात आणि सिलिंडर दुपारआधीच संपतो.

परत येताना गाडीतच एक यादी झाली: कुणी काय आणायचं. स्वयंपाकाचा तिन्ही बाजूंनी बंद मांडव, पंगतीची टेबलं-खुर्च्या, जनरेटर, दिवे आणि पाण्याचा टँकर यजमानाच्या मंडपवाल्याकडे. ताटं-वाट्या, भट्ट्या, गॅस, पिण्याच्या पाण्याचे जार केटररकडे. ही यादी कोटेशनला जोडली. बाहेरगावच्या कामांत भांडणं चवीवरून फारशी होत नाहीत, टेबलांवरून होतात. यजमानाला वाटतं टेबलं केटरर आणणार, केटररला वाटतं मंडपवाला आणणार, आणि सकाळी नऊ वाजता दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात.

कोठी हा सोपा भाग

कोठीची यादी काकांना तोंडपाठ आहे. पंगतीला माणशी साधारण ९० ग्रॅम तांदूळ, त्यात साठ मसालेभाताचे आणि तीस साध्या भाताचे. पुरीला माणशी शंभर ग्रॅम कणीक, जिलेबी तेवढीच. पाचशे पानांची कोठी, भाजी, दूध-दही, तेल-तूप मिळून ७२,५०० रुपये, म्हणजे पानाला १४५. सकाळच्या नाश्त्याचं सामान ७,५०० आणि आपल्याच माणसांचं आदल्या रात्रीपासूनचं जेवण-चहा ४,०००. एकूण ८४,०००.

इथं सूनेनं एकच प्रश्न विचारला: “पाचशेत फोटोवाले, बँडवाले, मंडपवाले, ड्रायव्हर धरलेत का?” यजमानांनी धरले नव्हते. ही तीस-चाळीस माणसं जेवतातच आणि त्यांना कुणी नाही म्हणत नाही. त्यांना पाचशेतच मोजायचं असं ठरलं.

हजेरी: खर्च इथं वाढतो

शहरातल्या लग्नाला वाढपी सकाळी दहाला येतो, चारला मोकळा होतो, ६०० रुपये हजेरी घेतो आणि संध्याकाळी दुसऱ्या कार्यालयात रिसेप्शनला उभा राहतो. सीझनमध्ये त्याची खरी कमाई या दुसऱ्या हजेरीत असते. वाईला नेलं की तो पहाटे साडेपाचला निघतो आणि रात्री आठला परततो. त्याची संध्याकाळ गेली. तीच ६०० हजेरी देऊ केली तर तो हो म्हणतो, आणि आदल्या रात्री फोन बंद ठेवतो. त्यामुळे बाहेरगावी दीडपट, म्हणजे ९०० रुपये. १७० माणसांच्या पंगतीला पुरी, भात आणि मठ्ठा सतत फिरता ठेवायचा तर चोवीस वाढपी लागतात. एवढ्या एका ओळीचे २१,६०० झाले.

मुख्य आचारी, दोन दुय्यम आचारी, एक मुकादम आणि चिरणं-लाटणं करणाऱ्या आठ बायका आदल्या दुपारीच निघणार, रात्री तिथं राहणार. त्यांच्या दोन-दोन हजेऱ्या. जिलेबीचा कारागीर हाताखालच्या पोरासह ठोक पैसे घेतो. भांडी घासायला सहा जणी आणि वाढप्यांबरोबर सकाळी येणारा दुसरा मुकादम. मजुरीची बेरीज ५५,६०० झाली, म्हणजे पानाला १११ रुपये. काकांनी पहिल्यांदा मनातल्या मनात सत्तर-ऐंशी धरले होते. कार्यालयात तेवढेच पडतात.

वाहतूक

पुण्याहून सुरूर फाट्यावरून वाईला जाऊन पुढं धोमकडे, एका बाजूला शंभरएक किलोमीटर. मध्ये खंबाटकी. सुट्टीच्या दिवशी तो घाट कधी अडेल सांगता येत नाही, म्हणून सामानाचा टेम्पो आदल्या दिवशीच पोचला पाहिजे. मुहूर्ताच्या सकाळी घाटात अडकलेल्या कढया कुणाच्या उपयोगाच्या नाहीत.

एक मोठा टेम्पो भट्ट्या, पातेली, सिलिंडर आणि कोठी घेऊन, रात्रीच्या मुक्कामासह. एक छोटा टेम्पो भाड्याच्या ताटांसाठी. रात्रीच्या चौदा माणसांना सतरा सीटची गाडी, सकाळच्या एकतीस जणांना मिनी बस. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून चारही गाड्यांचे ३५,०००. त्यावर हमाली ३,०००. हमाली चारदा लागते, हे विसरलं जातं: गोदामात चढवणं, शेतावर उतरवणं, पुन्हा चढवणं, गोदामात उतरवणं. इथं तर कालव्याच्या पुलामुळं मधली दोन कामं दुप्पट होती.

यजमान म्हणाले, “पोरं टेम्पोत नाही का बसणार? सगळेच बसवतात.” काकांनी सरळ नकार दिला. मालवाहू गाडीत माणसं न्यायला परवानगी नाही, आणि घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. भरलेले सिलिंडर ज्या गाडीत आहेत त्या गाडीत तर प्रश्नच नाही.

भाड्याची भांडी, गॅस, पाणी

ताट, तीन वाट्या, पेला, चमचा हा संच एका दिवसाला १२ रुपये, दुसऱ्या दिवसाला त्याच्या निम्मे. आदल्या दिवशी उचलून लग्नानंतर रात्री परत म्हणजे दोन दिवस, १८ रुपये. तीन पंगतींना ४०० संच आणून पहिल्या पंगतीची ताटं तिसरीला धुऊन वापरली असती तर २,७०० रुपये वाचले असते. पण ते वाचणं टँकर वेळेवर येण्यावर अवलंबून, आणि टँकर यजमानाच्या माणसाकडे. म्हणून ५५० संच घेतले. मोठ्या भट्ट्या, टाक्या-पिंपं आणि हरवणाऱ्या वाट्या-चमच्यांसाठी १,५०० रुपये धरून भाडं १६,९०० झालं.

त्यावर एक ओळ सूनेनं वाढवली. भांडीवाला १८ टक्के जीएसटी लावतो. केटरिंगवर ग्राहकाकडून ५ टक्के घेतले जातात, पण त्या दरात आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे भांडीवाल्याला दिलेला कर हा आपला खर्चच, तो हिशेबात धरलाच पाहिजे. करासह भाडं १९,७००. वाहतूक, भांडी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवली तरी ती केटरिंगच्याच कामाचा भाग असल्यानं सगळ्या रकमेवर ५ टक्केच लागतात.

व्यावसायिक १९ किलोचे सहा सिलिंडर आणि पाण्याचे चाळीस जार, मिळून १२,४००. सातवा सिलिंडर सोबत न्यायचा, न फोडता परत आणायचा. घरगुती लाल सिलिंडर अशा कामाला वापरणं बेकायदा आहे, ते स्वस्त पडतात म्हणून मोह होतो इतकंच.

बेरीज आणि नफा

कोठी ८४,०००
मजुरी ५५,६००
भाडं १९,७००
गॅस, पाणी १२,४००
वाहतूक, हमाली ३८,०००
एकूण २,०९,७००

अडीअडचणीला ८,३०० धरून २,१८,०००. यात नफा नाही, गोदामाचं भाडं नाही, लायसन्स नाही, काकांचा आणि सूनेचा पगार नाही. हे सगळं वीस टक्क्यांतून निघायचं. वीस टक्के कशाचे, इथं पुष्कळ जण चुकतात. खर्चावर वीस टक्के चढवले तर २,६१,६०० होतात. पण शंभर रुपयांच्या बिलात वीस आपले राहायला हवे असतील तर खर्चाला ०.८ नं भागायचं: २,७२,५००. फरक जवळजवळ अकरा हजारांचा, म्हणजे गोदामाचं एखाद्या महिन्याचं भाडं.

पाचशेनं भागून पान ५४५ रुपये, जीएसटी वेगळा. यजमान उठायच्या बेतात. “अहो, साताऱ्याचा एक जण ४८० म्हणतोय, सगळं धरून.”

पानाचा दर फसवा का

४८० वाल्याच्या ‘सगळं धरून’मध्ये काय आहे हे विचारणं योग्यच होतं. पण त्याआधी सूनेनं आपल्याच ५४५ कडे पुन्हा बघितलं. तिनं २,१८,००० चे दोन भाग केले. माणूस वाढला-घटला की बदलतो तो खर्च: कोठी, ताटाचा संच, पिण्याचं पाणी. तो पानाला सुमारे १७० रुपये, पाचशे पानांचे ८५,०००. बाकीचे १,३३,००० हे साडेचारशे माणसं आली काय आणि साडेपाचशे आली काय, तेवढेच. टेम्पो अर्धा जात नाही, आचारी पाऊण येत नाही.

आता ५४५ च्या दरानं चारशेच पानं झाली तर? बिल २,१८,०००, खर्च २,०१,०००, हातात १७,०००. पाचशेला ५४,५०० राहिले असते. साडेतीनशेच झाली तर बिल १,९०,७५० आणि खर्च १,९२,५००, म्हणजे पदरचे घालून जेवायला वाढलं. शेतावरच्या लग्नाला पुण्याहून येणारे पाहुणे उन्हाळ्यात दीडशेनं कमी होणं काही अशक्य नाही. उलट सहाशे आले तर यजमान प्रत्येक जास्तीच्या पानाला ५४५ देणार, तेव्हा त्या पानाची खरी किंमत त्याहून कितीतरी कमी. सरसकट पानाचा दर असा दोन्हीकडून कुणाला तरी बुडवतो. कार्यालयात हे जाणवत नाही, कारण तिथं ठरीव खर्च थोडा असतो.

म्हणून कोटेशन दोन तुकड्यांत दिलं. ठोक रक्कम १,६६,०००, त्यात माणसं, गाड्या, भट्ट्या, गॅस आणि नाश्ता. वर पानाला २१३ रुपये. पाचशे पानांना दोन्ही मिळून तेच २,७२,५००. हा दर ४५० ते ५५० पानांपुरता. ५५० च्या वर वाढपी आणि संच वाढवावे लागतात, तेव्हा जास्तीच्या पानाला ३००.

यजमानांना २१३ आवडले, १,६६,००० आवडले नाहीत. हे होणारच. ठोक रक्कम डोळ्यांत खुपते, पानाच्या दरात ती दिसत नाही. सूनेनं यादी समोर ठेवली आणि म्हणाली, “यातलं काय कमी करायचं ते तुम्हीच सांगा.” चर्चा दरावरून कामावर आली, आणि ती सोपी झाली.

त्यांनी पहिली गोष्ट सुचवली ती नाश्ता. वाईतला हॉटेलवाला माणशी ९० ला करून देत होता. पण आचारी, भट्ट्या, गॅस सगळं तिथं असणारच होतं. नाश्ता काढून ठोक रकमेतून नऊ-सव्वानऊ हजार कमी झाले असते आणि हॉटेलवाल्याला साडेतेरा हजार द्यावे लागले असते. नाश्ता राहिला.

मग बुफे. वाढपी चोवीसचे चौदा होतील, ९,००० वाचतील. पण बुफेत लोक स्वतः वाढून घेतात आणि टाकतात, कोठी पानामागे बारा-एक रुपयांनी चढते, झाले ६,०००. अन्न गरम ठेवायची भांडी भाड्यानं आणायची, करासह चार हजारांवर. वाचलं काहीच नाही. शिवाय नवरीच्या आजीला पंगतच हवी होती, तो मुद्दा हिशेबाहून वजनदार ठरला.

तिसरी गोष्ट काकांनी सुचवली. भांडी घासायला सहा जणी धोमच्याच बाजूच्या घ्यायच्या. त्यांना प्रवास नाही, म्हणून दीडपट नाही, आणि सकाळची बस लहान चालते. खर्च ३,३०० नं उतरला, ठोक रक्कम १,६२,००० वर आली. वाढपी मात्र गावातले घ्यायला काका तयार झाले नाहीत. भांडी कुणीही घासेल, पण पंगतीत मठ्ठ्यामागून जिलेबी कधी फिरवायची हे दोन तासांत शिकवता येत नाही.

आणि ४८० वाला? यजमानांनीच फोन करून विचारलं. त्याच्या दरात ताटं कागदी होती, टेबलं आणि वाढपी वगळलेले होते, आणि किमान सहाशे पानांची अट होती.

कागदावर आलेल्या अटी

पानांचा अंदाजे आकडा दहा दिवस आधी, पक्का आकडा चार दिवस आधी. बिल पक्क्या आकड्याचं किंवा प्रत्यक्ष पानांचं, जे जास्त असेल त्याचं, आणि कमीत कमी ४५० चं. चार दिवस का? कोठी तीन दिवस आधी उचलली जाते आणि वाढप्यांना दोन दिवस आधी शब्द दिला जातो. शेवटच्या क्षणी कमी केलेल्या पानाचे पैसे वाचत नाहीत.

पानं मोजायची पद्धत: ५५० संच मोजून मांडायचे, प्रत्येक पंगतीनंतर केटररचा मुकादम आणि यजमानांचा एक माणूस वापरलेली ताटं मोजून एकाच वहीत सही करणार. लहान मुलांची ताटंही मोजायची. हे आधी ठरलं नाही तर संध्याकाळी दमलेल्या माणसांत वाद होतो.

दुपारी चारनंतर जेवण चाललं तर तासाला ठरलेली जादा मजुरी आणि बसचं थांबण्याचं भाडं यजमानाकडे. कोठीच्या दरात पाच टक्क्यांपर्यंतचा चढ केटररचा, त्यापुढचा निम्मा-निम्मा. तीस टक्के विसार, पन्नास टक्के कोठी उचलण्याआधी, उरलेले लग्नानंतर दोन दिवसांत.

प्रत्यक्षात

चार दिवस आधी यजमानांनी ४८० आकडा दिला. वहीत ४६८ ताटं निघाली. बारा पानांवरून थोडी कुरकुर झाली. अट दाखवल्यावर ती थांबली, आणि उरलेला मसालेभात, पुऱ्या मंडपवाल्यांच्या रात्रीच्या जेवणाला गेल्या. पहिल्या पंगतीला पाऊण तास उशीर झाला, पण चारच्या आत सगळं आवरलं. टँकर अकराला यायचा तो दीडला आला. तोवर ताटं ढिगानं साचली होती, आणि ५५० संच असल्यानं तिसरी पंगत अडली नाही. बस परतताना घाटाखाली अडकली, तिच्या मालकानं १,५०० जादा घेतले. वाट्या आणि चमचे धरल्यापेक्षा जास्त हरवले, भांडीवाल्यानं अनामतीतून १,९०० कापले.

बिल २,६४,२४० अधिक जीएसटी १३,२१२. प्रत्यक्ष खर्च २,०५,००० च्या आसपास. हातात ५९,००० राहिले, त्यातून ऑफिसचा खर्च जायचा होता. हेच काम ४८० च्या सरसकट दरानं, वहीतल्या ४६८ पानांवर घेतलं असतं तर जेमतेम १९,६०० उरले असते. ‘चारशे अधिक गाडीभाडं’ या पहिल्या बोलीनं, म्हणजे ४६८ पानं चारशेनं आणि वर ३५,००० गाड्यांचे, २,२२,२०० झाले असते. तेव्हाही हातात सतरा हजारच.

उरलेले वीस टक्के चौथ्या दिवशी आले. भांडीवाल्याच्या पावतीवर कापलेल्या पैशांत चौदा चमचे दाखवले होते, ते धुणाऱ्या बायकांपैकी एकीच्या बादलीच्या तळाशी सापडले आणि यजमानांनी पाठवून दिले. त्यांचे पैसे भांडीवाल्यानं पुढच्या बिलात वळते केले.